कापड वाया न घालवता मार्कर कसा बनवायचा? उभं प्रिंट आणि मखमलीसाठी सोपी पद्धत

मार्कर म्हणजे कापड कापण्याआधी तयार केलेला नकाशा. ड्रेसचे सगळे तुकडे कापडावर कुठे, कोणत्या दिशेने आणि एकमेकांना किती चिकटून बसणार, हे त्यात ठरतं. आपल्याकडे याला साधा शब्द आहे, कापड बेतणं. गारमेंट फॅक्टरीत हे काम सॉफ्टवेअरवर होतं. घरी शिवणारी व्यक्ती तेच काम खडूने, जमिनीवर कापड पसरून करते.

साधं एकरंगी कापड असेल तर तुकडे उलटसुलट बसवता येतात आणि कात्रण कमी पडतं. अडचण येते ती उभ्या प्रिंटच्या आणि लव असलेल्या कापडात. हत्तीचं प्रिंट उलटं कापलं तर हत्ती डोक्यावर उभे राहतात. मखमलीचा एक तुकडा उलटा लागला तर तेवढाच भाग वेगळ्या रंगाचा वाटतो. म्हणून अशा कापडासाठी बरेच जण सरळ जास्त मीटर घेतात. ते खरंच लागतं का? एकच स्कर्ट घेऊन, आकड्यांसकट बघूया.

## आपलं उदाहरण: सहा कळ्यांचा स्कर्ट

कापडाचा पन्हा ४४ इंच. दोन्ही काठांचा अर्धा अर्धा इंच सोडला की वापरायला ४३ इंच मिळतो. हिशोब नेहमी याच आकड्यावर करायचा. आणि पन्हा सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी मोजायचा, कारण एकाच थानात तो थोडा कमीजास्त असू शकतो. सर्वात लहान माप धरायचं.

स्कर्टला एकसारख्या ६ कळ्या आहेत. प्रत्येक कळी वर ६ इंच, खाली १५ इंच आणि उंचीला ३६ इंच. शिलाईचा मार्जिन आणि खालची पट्टी यातच धरली आहे. दोन्ही बाजूंनी अर्धा इंच शिलाईत गेला की कंबर ३० इंच आणि खालचा घेर ८४ इंच होतो. शिवाय कमरेचा एक बेल्ट, ४ इंच रुंद आणि ३२ इंच लांब.

प्रत्येक कळीच्या बरोबर मधून एक उभी रेषा मारा. ही ग्रेन लाइन. ती कापडाच्या काठाला समांतर राहायला हवी. जागा वाचते म्हणून कळी तिरकी केली तर स्कर्ट अंगावर एका बाजूला पिळल्यासारखा पडतो. म्हणजे आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत: कळी सरकवणं, आणि चालत असेल तिथे ती उलटी करणं.

## आधी ठरवा: कापडाला दिशा आहे का?

प्रिंटसाठी सोपी चाचणी आहे. कापड पसरून वरून फोटो काढा. मग कापड अर्धं फिरवा, म्हणजे वरचं टोक खाली आणा, आणि त्याच जागेवरून दुसरा फोटो काढा. दोन्ही फोटो आलटून पालटून बघा. फरक दिसला तर कापडाला दिशा आहे. विखुरलेल्या फुलांत किंवा कोयऱ्यांमध्ये सहज फसायला होतं. पाच कोयऱ्या इकडेतिकडे वळलेल्या असतात, पण सहावी नेमकी प्रत्येक वेळी वरच बघते. त्यामुळे फोटोत एक पूर्ण रिपीट यायला हवा. रिपीट म्हणजे डिझाइन जिथून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं तिथपर्यंतचं अंतर.

मखमल, कॉर्डुरॉय, वेल्वेटीन अशा कापडाला लव असते. काठाच्या दिशेने हात फिरवा. एका बाजूने हात गुळगुळीत सरकतो, उलट बाजूने अडतो. गुळगुळीत सरकतो ती लवेची दिशा. तिथे कापडाच्या मागच्या बाजूला खडूने बाण काढा, आणि ते ठरावीक अंतरावर पूर्ण लांबीभर काढा. लव वर जाणारी ठेवली तर रंग गडद आणि भरलेला दिसतो. खाली जाणारी ठेवली तर रंग थोडा फिका, चमकदार दिसतो. दोन्हींपैकी काहीही चालतं, फक्त एका कपड्यातले सगळे तुकडे एकाच दिशेने हवेत.

लव इतकी बारीक असेल की हाताला कळत नाही, तर कापडाचं एक टोक दुसऱ्याच्या शेजारी उलट्या दिशेने लटकवा आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावून बघा. रंग निघून गेल्यावर गडद-फिका फरक लगेच डोळ्यात भरतो.

## पद्धत १: दिशा नसलेलं कापड

इथे एक कळी सरळ, तिच्या शेजारची उलटी, पुन्हा एक सरळ, अशी मांडणी करता येते. पहिल्या कळीला १५ इंच लागतात. पुढची उलटी कळी तिच्या तिरक्या बाजूला चिकटून बसते, त्यामुळे ती फक्त १०.५ इंच जास्त घेते. तिसरीही तेवढेच घेते. एकूण ३६ इंच. एका ओळीत ३ कळ्या, दोन ओळींत ६. कापडाची लांबी ७२ इंच.

पन्ह्यात बाजूला ७ इंचांची सरळ पट्टी उरते. बेल्ट त्यात उभा बसतो, वेगळं कापड लागत नाही. तुकड्यांचं एकूण क्षेत्रफळ भागिले मार्करचं क्षेत्रफळ, याला मार्करची कार्यक्षमता म्हणतात. इथे ती ७७ टक्के येते. बाकीचे २३ टक्के कात्रण.

## पद्धत २: दिशा असलेलं कापड, सरळसोट मांडणी

आता कळी उलटी करता येत नाही. शेजारी शेजारी ठेवल्या तर प्रत्येकीला पूर्ण १५ इंच लागतात. तीन कळ्यांचे ४५ इंच होतात आणि आपल्याकडे ४३ आहेत. फक्त २ इंच कमी पडल्यामुळे ओळीत दोनच कळ्या बसतात. सहा कळ्यांना तीन ओळी, म्हणजे १०८ इंच. कार्यक्षमता जवळपास ५२ टक्क्यांवर येते. पैसे दिलेल्या कापडातलं जवळजवळ निम्मं कात्रणात जातं.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि दुकानात पावणेतीन मीटर मागतात.

## पद्धत ३: मधली रांग अर्धी खाली सरकवा

कळी उलटी करता येत नाही, पण सरकवता येते. कळ्यांच्या तीन उभ्या रांगा करा. डावी आणि उजवी रांग वरपासून सुरू करा. मधली रांग अर्ध्या कळीने, म्हणजे १८ इंच खालून सुरू करा. सगळ्या कळ्या सरळच आहेत, एकही उलटी नाही.

हे कसं बसतं? डावीकडची कळी जिथे सर्वात रुंद आहे, त्या उंचीवर शेजारची कळी फक्त अर्ध्यापर्यंत आलेली असते. तिथे तिची रुंदी १५ नाही, १०.५ इंच असते. त्यामुळे दोन रांगांच्या मध्यरेषांत १५ ऐवजी १२.७५ इंच अंतर पुरतं. अशी दोन अंतरं २५.५ इंच झाली. दोन्ही कडांना अर्धी अर्धी कळी मिळून आणखी १५. एकूण ४०.५ इंच. ४३ मध्ये आरामात.

लांबी बघा. प्रत्येक रांगेत २ कळ्या म्हणजे ७२ इंच, अधिक सरकवलेले १८. एकूण ९० इंच. १०८ वरून ९०! एका स्कर्टमागे १८ इंच, म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटर कापड वाचलं. मखमल ४०० रुपये मीटर धरली तर १८० रुपयांच्या आसपास.

आता बेल्ट. इथे एक बारीक गोष्ट आहे. बेल्ट कमरेवर आडवा असतो. तो कापडावर उभा कापला तर त्याची लव आडवी होईल आणि पूर्ण पट्टी वेगळ्या रंगाची दिसेल. प्रिंट असेल तर हत्ती आडवे पडतील. म्हणून दिशा असलेल्या कापडात बेल्ट आडवाच कापायचा. ३२ इंचांचा सलग तुकडा आडवा बसवायला जागा नाही, पण मधली रांग खाली सरकवल्यामुळे वरच्या टोकाला मध्ये १८ इंच उंचीची मोकळी जागा तयार झाली आहे. बेल्टचे १६.५ इंचांचे दोन तुकडे तिथे एकाखाली एक बसतात. जोड बाजूच्या शिलाईवर आणा, दिसत नाही. कार्यक्षमता ६२ टक्के.

हीच मांडणी दोन स्कर्टसाठी केली तर फायदा वाढतो, कारण सरकवलेले १८ इंच एकदाच मोजावे लागतात. प्रत्येक रांगेत ४ कळ्या म्हणजे १४४, अधिक १८. एकूण १६२ इंच, म्हणजे स्कर्टमागे ८१. दुसरा बेल्ट खालच्या टोकाच्या मोकळ्या जागेतून तीन तुकड्यांत काढायचा. कार्यक्षमता ६९ टक्के.

## पद्धत ४: एक स्कर्ट वर, एक स्कर्ट खाली

ही युक्ती फक्त लव असलेल्या कापडाची आहे. नियम नीट वाचला तर तो असा आहे: एका कपड्यातले सगळे तुकडे एका दिशेने हवेत. दोन वेगळ्या माणसांचे दोन स्कर्ट असतील तर पहिल्याची लव वर आणि दुसऱ्याची खाली असली तरी चालतं.

मग पहिल्या स्कर्टच्या सहा कळ्या सरळ आणि दुसऱ्याच्या सहा उलट्या ठेवा. त्या एकाआड एक बसतात, अगदी पद्धत १ सारख्या. पहिल्या ओळीत सरळ-उलटी-सरळ, दुसऱ्या ओळीत उलटी-सरळ-उलटी. चार ओळींत १२ कळ्या, १४४ इंच. बाजूची पट्टी ७ इंचच असल्यामुळे आडवे बेल्ट तिथे मावत नाहीत. त्यांच्यासाठी शेवटी ४-४ इंचांच्या दोन आडव्या पट्ट्या धरा. एकूण १५२ इंच, स्कर्टमागे ७६. कार्यक्षमता ७३ टक्के, म्हणजे साध्या कापडाच्या बरीच जवळ.

बेल्टवरही बाण हवाच. पट्टी आयताकृती असते, त्यामुळे एकदा कापली की वरची बाजू कोणती ते ओळखू येत नाही. प्रत्येक तुकड्यावर मागून बाण आणि स्कर्टचा नंबर लिहा.

मर्यादाही समजून घ्या. दोन्ही स्कर्ट शेजारी ठेवले तर रंगात हलका फरक दिसेल. सारखे दिसायलाच हवेत असे ग्रुप डान्सचे कपडे असतील तर पद्धत ३ वापरा. आणि उभ्या प्रिंटला ही युक्ती चालतच नाही, कारण दुसऱ्या स्कर्टवरचे सगळे हत्ती उलटे होतील.

| मांडणी | एका स्कर्टला लागणारी लांबी | कार्यक्षमता |
|---|---|---|
| १. दिशा नाही, सरळ-उलटी | ७२ इंच | ७७% |
| २. एक दिशा, शेजारी शेजारी | १०८ इंच | ५२% |
| ३. एक दिशा, मधली रांग खाली (एक स्कर्ट) | ९० इंच | ६२% |
| ३. तीच, दोन स्कर्ट एकत्र | ८१ इंच | ६९% |
| ४. लव, एक वर एक खाली (दोन स्कर्ट) | ७६ इंच | ७३% |

## प्रिंट जुळवायचं असेल तर?

मोठं प्रिंट असेल तर आणखी एक अट येते. शेजारच्या दोन कळ्या शिवल्यावर हत्तींची रांग एका उंचीवर यायला हवी. त्यासाठी प्रत्येक कळीचं वरचं टोक रिपीटच्या एकाच जागी सुरू झालं पाहिजे.

रिपीट ६ इंचांचा असेल तर काहीच करायला नको. १८ म्हणजे ३ रिपीट आणि ३६ म्हणजे ६ रिपीट, दोन्ही पूर्ण भाग जातात. पण रिपीट ८ इंचांचा असेल तर १८ इंच सरकवल्यावर मधल्या कळीतले हत्ती २ इंचांनी वरखाली होतील. मग मधली रांग १८ ऐवजी १६ इंच सरकवा. आणि एका रांगेतल्या दुसऱ्या कळीची सुरुवात ३६ ऐवजी ४० इंचांवर करा, कारण ४० ला ८ ने भाग जातो. दोन कळ्यांमध्ये ४ इंच मोकळे राहतात. रुंदी ४१ इंच होते, ती बसते. लांबी होते ९२ इंच. म्हणजे प्रिंट जुळवण्याची किंमत फक्त २ इंच कापड. रिपीट न मोजता अंदाजाने जास्त कापड घेतलं, तर यापेक्षा कितीतरी जास्त जातं आणि जुळण्याची खात्रीही नसते.

## कागदावर करायचं की सॉफ्टवेअरवर?

सुरुवात ग्राफ पेपरवर करा. १ इंच म्हणजे २ मिलिमीटर धरा. पन्हा ८६ मिमी, कळी वर १२, खाली ३० आणि उंचीला ७२ मिमी. एक स्कर्ट ए-४ कागदावर सहज मावतो. कळ्या जाड कागदाच्या कापा, प्रत्येकीवर बाण काढा, सरकवून बघा. आवडलेल्या मांडणीचा वरून फोटो काढून ठेवा. कापताना तोच तुमचा मार्कर.

सॉफ्टवेअर हवं असेल तर SVGnest हे फुकट, ओपन सोर्स टूल ब्राउझरमध्येच चालतं. कॉम्प्युटरवर उघडलेलं बरं. त्याला तुकडे SVG फाइलमध्ये द्यायचे. खाली १ इंच म्हणजे १० युनिट आहे. आधी कापड, मग कापडाच्या बाहेर एक कळी:

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg" viewBox="0 0 2000 1000">
  <rect x="0" y="0" width="430" height="900"/>
  <polygon points="545,0 605,0 650,360 500,360"/>
</svg>
```

बाकीच्या पाच कळ्यांसाठी `polygon` ची ओळ कॉपी करा आणि प्रत्येक जोडीतला पहिला आकडा दर वेळी २०० ने वाढवा. फाइल अपलोड केल्यावर कापडाच्या चौकोनावर क्लिक करून ते निवडायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग: `Part rotations`. ते मुळात `4` असतं, म्हणजे टूल कळी आडवीही करतं आणि ग्रेन लाइन मोडते. स्क्रीनवर कार्यक्षमता छान दिसते, पण तो मार्कर निरुपयोगी असतो. साध्या कापडाला `2` ठेवा, म्हणजे फक्त सरळ किंवा उलटी. प्रिंट आणि लव असेल तर `1`. पद्धत ४ साठी दुसऱ्या स्कर्टच्या कळ्या फाइलमध्येच उलट्या काढा आणि सेटिंग `1` ठेवा.

टूल नेहमीच सर्वोत्तम उत्तर देईल असं नाही. सगळ्या कळ्या बसल्या तर `height` थोडी कमी करून पुन्हा चालवा. बसेनाशा झाल्या की आधीची लांबी धरा. प्रिंटचा रिपीट मात्र त्याला कळत नाही, तो हिशोब तुमचाच.

## कापताना कुठे फसतं?

बरोबर मार्कर बनवूनही काम बिघडतं ते एका घडीमुळे. वेळ वाचावा म्हणून आपण कापड लांबीत अर्धं दुमडतो आणि दोन थर एकदम कापतो. पण तसं दुमडल्यावर वरच्या थराची दिशा उलटी झालेली असते. खालच्या थरात लव वर, वरच्या थरात खाली. निम्म्या कळ्या उलट्या निघतात, आणि हे कापल्यावर, बहुतेक वेळा शिवल्यावर दिसतं. एकाआड एक कळी गडद-फिकी वाटली तर कारण हेच समजा.

त्यामुळे दिशेचं कापड एकाच थरात, पूर्ण उघडून कापा. दोन थर हवेच असतील तर घडीवर कापड कापून वेगळं करा, वरचा थर अर्धा फिरवा, मग खालच्यावर ठेवा. कापण्याआधी दोन्ही थरांचे खडूचे बाण एकाच बाजूला आहेत ना, ते बघा.

आटणारं कापड असेल तर मार्करच्या आधी धुऊन घ्या आणि पन्हा पुन्हा मोजा. ४३ चे ४० झाले तर ४०.५ इंचांची पद्धत ३ बसणार नाही. खालचा घेर थोडा कमी करावा लागेल किंवा पद्धत २ वर यावं लागेल. म्हणूनच दुकानात जाण्याआधी ग्राफ पेपरवरचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. पन्हा विचारा, रिपीट मोजा, लवेवर हात फिरवा आणि मगच किती मीटर ते सांगा.